रक्त गोठण्याची साखळी: मराठीत लक्षात ठेवायच्या युक्त्या आहेत का कुणाकडे?

मेघना_पहिलंवर्ष
फिजिऑलॉजीची व्हायव्हा तोंडावर आली आहे. गोठण्याची साखळी रात्री पाठ होते आणि सकाळी सगळे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. वर्गात इंग्रजी युक्त्या फिरतायत, 'टेनेट' वगैरे. पण त्या आठवायलाच मला दुसरी युक्ती लागते. मराठीत कुणी काही रचलंय का? मला दोनच गोष्टी हव्या आहेत. कुठला फॅक्टर कुठल्या रस्त्यावर बसतो, आणि एकदा सुरू झालेलं गोठणं आवरतं कोण. दुसरा भाग तर कुणी नीट सांगतच नाही.

जोशीसर_बायो
मेघना, आम्ही क्लासमध्ये नोटांवरून शिकवतो. दोन्ही रस्ते जिथे मिळतात तिथून पुढे दहा, पाच, दोन, एक. दहाची मोड करायची म्हणजे पाचची, दोनची आणि एकची नोट. एकापर्यंत आलात की फायब्रिनोजेनचं फायब्रिन झालं. आजच्या मुलांनी एकची नोट पाहिलेली नसते, पण क्रम बरोबर लक्षात राहतो.
वरचा आतला रस्ता बारापासून सुरू होतो. त्यासाठी मी सांगतो, 'बारा कमी, तर पेशंटचे बारा वाजले'. रक्त थांबतच नाही.

लीड्समधली_स्नेहा
नोटांची मोड मस्त! आतल्या रस्त्यासाठी आम्ही नर्सिंगला असताना एक ओळ जुळवली होती:
बारा, अकरा, नऊ, आठ,
मगच दहाशी पडते गाठ.
दहा मध्येच का गाळला हा गोंधळ यात होत नाही, कारण तो शेवटी येतो हे ओळच सांगते. बाहेरच्या रस्त्यावर एकटा सात. 'सात वाजले तरी पोरगं बाहेरच.'

डीएमएलटी_संतोष
आणि कुठली टेस्ट कुठल्या रस्त्याची, तेही सांगा ताई, लॅबमध्ये तेच लागतं. शाळेत पीटीचा तास कुठे असायचा? मैदानावर, म्हणजे बाहेर. पीटी बाहेरच्या रस्त्याची, तिथे सात. एपीटीटी आतल्याची. दहा-पाच-दोन-एक दोन्हीकडे सामायिक, त्यातलं काही बिघडलं तर दोन्ही लांबतात.

सातारकर_पॅथ
वरच्या तिन्ही युक्त्या चालतील. फक्त जोशी सरांच्या 'बारा वाजले'ला माझी हरकत आहे, कारण तिथे खरी गोष्ट नेमकी उलटी आहे.
बारावा फॅक्टर अजिबात नसला तरी माणसाला रक्तस्राव होत नाही. त्याचं नावच ज्या पेशंटवरून पडलं ते जॉन हेगमन हे अमेरिकेतले रेल्वे कामगार होते. ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीत त्यांचं रक्त काचेच्या नळीत गोठायला भलताच वेळ घेत होतं. १९५५ साली रॅटनॉफ यांनी ते प्रसिद्ध केलं. हेगमन रक्तस्रावाने गेले नाहीत. १९६८ साली हाड मोडून पडून असताना त्यांच्या फुप्फुसात गुठळी अडकली, त्यात ते गेले. बारावा फॅक्टर नसूनही गुठळी झालीच.
म्हणून ओळ ठेवायची असेल तर अशी ठेवा: बारा कमी, तर रिपोर्टचे बारा वाजतात, पेशंटचे नाहीत.

जोशीसर_बायो
मग साखळीची सुरुवातच बारापासून कशी? सुरुवातीचा गडी नसताना खेळ होतो कसा? पाठ्यपुस्तकात तर बाणच तिथून निघतो.

सातारकर_पॅथ
तो बाण नळीतला आहे, सर. काच किंवा तसा कुठला पृष्ठभाग लागला की बारा जागा होतो. एपीटीटी करताना आपण मुद्दाम तसली पूड घालतो. शरीरात काच नसते. रक्तवाहिनी फाटली की तिच्या बाहेरच्या पेशींवरचा टिश्यू फॅक्टर उघडा पडतो, सात त्याला चिकटतो आणि काम तिथून सुरू होतं. ही जोडी दहाला जागं करतेच, शिवाय थेट नऊलाही करते. त्यातून थोडंसं थ्रॉम्बिन, म्हणजे सक्रिय दोन, तयार होतं. ते मागे फिरून पाच, आठ आणि अकरा यांना कामाला लावतं आणि मग थ्रॉम्बिनचा लोंढा येतो. बाराची गरजच पडत नाही. अकरा नसला तर त्रास होतो, पण तो माणसागणिक बदलतो. आठ किंवा नऊ नसला तर हिमोफिलिया.
म्हणजे स्नेहाताईंची ओळ एपीटीटीचा रिपोर्ट वाचायला पक्की आहे. जखमेत काय घडतं ते ती सांगत नाही.

मेघना_पहिलंवर्ष
सर, मग व्हायव्हाला कुठून सुरू करू? आमच्या मॅडमना बारापासूनच हवं असतं.

सातारकर_पॅथ
मॅडमना बारापासून सांगा आणि शेवटी एक वाक्य जोडा की शरीरात सुरुवात सातपासून होते. ऐकून त्या खूश होतील किंवा अर्धा तास बसवून ठेवतील. दोन्ही पाहिलंय.

बंडू_नगरी
माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. बीटी सीटी दोन्ही नॉर्मल आलेत. म्हणजे हे बारा अकरा नऊ आठ सगळे ठीक आहेत असंच ना?

डीएमएलटी_संतोष
बंडूभाऊ, इथे अभ्यासाचं चाललंय, पण प्रश्न कामाचा आहे. नाही, तसं म्हणता येत नाही. बीटी ही प्लेटलेट आणि रक्तवाहिनीची गोष्ट, तिचा या साखळीशी फारसा संबंध नाही. सीटी साखळीचीच, पण इतकी ढोबळ की फॅक्टर बराच कमी असला तरी नॉर्मल येते. तुम्हाला आधी कधी दात काढल्यावर, पडल्यावर, खतना किंवा टाके घालताना रक्त जास्त गेलंय का, घरात कुणाला तसा त्रास आहे का, हे डॉक्टरांना सांगा. त्याला त्या दोन आकड्यांपेक्षा जास्त किंमत आहे.

सातारकर_पॅथ
संतोष म्हणाला त्याचंच उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.
सहा वर्षांचा मुलगा, टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलेलं. बीटी सीटी नॉर्मल. भूलतज्ज्ञांनी सवयीने पीटी आणि एपीटीटी मागवले. पीटी १३ सेकंद, म्हणजे ठीक. एपीटीटी ६२ सेकंद, कंट्रोल ३०. प्लेटलेट भरपूर.
आता युक्त्या लावा. पीटी ठीक, म्हणजे मैदानावरचा सात ठीक आणि दहाची मोडही ठीक, कारण ती दोन्हीकडे सामायिक. उरले कोण? बारा, अकरा, नऊ, आठ. चौघांपैकी कुणीतरी. युक्तीचं काम इथे संपतं.
पुढची पायरी, पेशंटचा प्लाझ्मा आणि नॉर्मल प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळून परत एपीटीटी. कुठलाही फॅक्टर निम्मा असला तरी एपीटीटी साधारण नॉर्मल येते, त्यामुळे कमतरता असेल तर भरून निघायला हवी. आली ३३. तेच मिश्रण ३७ अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा पाहिलं, तरी लांबली नाही. म्हणजे फॅक्टर कमी आहे, फॅक्टरला मारणारी अँटिबॉडी नाही. आठच्या विरुद्धची अँटिबॉडी सावकाश काम करते, म्हणून ते दोन तास. लगेच पाहून सोडून दिलं तर फसगत होते.
मग आईला विचारलं. मुलगा रांगायला लागल्यापासून गुडघ्यांवर निळे डाग. आणि आईच्या भावाचं दात काढल्यावर दोन दिवस रक्त थांबत नव्हतं. मुलगा आणि मामा म्हटल्यावर बारा मागे पडला, आठ आणि नऊ पुढे आले. आठची कमतरता जास्त आढळते म्हणून आधी आठ मोजला. चार टक्के निघाला. हिमोफिलिया ए, मध्यम. आठ कमी दिसला की फॉन विलेब्रँडही बघायचा, तो ठीक होता. ऑपरेशन पुढे ढकललं आणि नंतर फॅक्टर देऊन केलं.

डीएमएलटी_संतोष
सर, एक राहिलं. ६२ दिसल्यावर मी असतो तर आधी नळी पाहिली असती. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट एक भाग आणि रक्त नऊ भाग लागतं. लहान मुलाची शीर मिळत नाही, मग नळी अर्धीच भरून पाठवतात. सायट्रेट जास्त झालं की कॅल्शियम बांधलं जातं आणि वेळ खोटा लांबतो. दुसरं, हेपरिन घातलेल्या लाइनमधून काढलेलं रक्त. तिथे एपीटीटी शंभराच्या पुढे जातं आणि पेशंट मस्त बसलेला असतो.

सातारकर_पॅथ
बरोबर. नमुना पुन्हा मागवला होता, तो भाग मी गाळला.

मेघना_पहिलंवर्ष
हे व्हायव्हापेक्षा भारी आहे. आता आवरणाऱ्यांचं सांगा ना. आणि व्हिटॅमिन के वाले फॅक्टर माझे नेहमी चुकतात, मी त्यात आठ घालते.

जोशीसर_बायो
व्हिटॅमिन के साठी माझ्याकडे हमखास आहे. आमच्या पिढीला विसरता येणार नाही असं साल: १९७२. बहात्तरचा दुष्काळ. एकोणीसमधल्या एकावर शून्य द्या, म्हणजे दहा, नऊ, सात, दोन. के चा दुष्काळ पडला की हे चौघे सुकतात. आठ त्यात नाही, पाचही नाही.

सातारकर_पॅथ
सर, ही मात्र मी उद्याच रेसिडेंटांना सांगणार.
पाच त्यात नाही हे कामाला येतं. काविळीच्या पेशंटची पीटी लांबली की प्रश्न असतो, यकृत थकलंय की पित्त अडल्यामुळे के शोषलं जात नाहीये? पाचही यकृतातच बनतो, पण त्याला के लागत नाही. सात कमी आणि पाच ठीक, तर के चा दुष्काळ. दोन्ही कमी, तर यकृत. पाच मोजायची सोय नसेल तर शिरेतून के देऊन दुसऱ्या दिवशी पीटी पाहतात. सुधारली तर के चीच उणीव होती.

कणकवलीकरीण
मी डॉक्टर नाही, पण धागा वाचत होते. आईची हृदयाची झडप बदलली आहे, लोखंडी, डावीकडची. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि आयएनआर अडीच ते साडेतीन ठेवायला सांगितलंय. पावसात टाकळा, शेवग्याचा पाला, अळू असं रोजच्या रोज झालं आणि आयएनआर १.६ आला. शेजारी म्हणतात पालेभाजी कायमची बंद करा. या बहात्तरच्या दुष्काळाशी त्याचा संबंध आहे का?

लीड्समधली_स्नेहा
ताई, अगदी तोच. ती गोळी मुद्दाम तो दुष्काळ पाडते. पाल्यात के भरपूर, त्यामुळे दुष्काळात पाऊस पडला आणि आयएनआर उतरला. भाजी बंद करायची गरज नसते, पण रोज साधारण सारखीच हवी. आठवडाभर नाही आणि मग चार दिवस ताटभर, असं केलं की आकडा नाचतो. तिचा डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करून १.६ सांगा. डाव्या झडपेला १.६ कमी आहे, वाट बघू नका. गोळी स्वतः वाढवूही नका. अँटिबायोटिक चालू झालं तर तेही कळवा, त्याने बहुतेकदा उलट, वर जातो.

कणकवलीकरीण
फोन केला. डोस बदलून दिलाय आणि चार दिवसांनी परत तपासायला सांगितलंय. धन्यवाद.

सातारकर_पॅथ
मेघना, आता आवरणाऱ्यांचं. तिघांचीच कामं लक्षात ठेव.
अँटिथ्रॉम्बिन एन्झाइमना बांधून ठेवतो. मुख्य म्हणजे थ्रॉम्बिन आणि सक्रिय दहा. एरवी तो सावकाश चालतो, हेपरिन मिळालं की वेग हजारपट होतो. हेपरिन स्वतः काहीच थांबवत नाही. अँटिथ्रॉम्बिन नसेल तर हेपरिन देऊन हात हलवत बसायचं.
दुसरा प्रोटीन सी, सोबत प्रोटीन एस. पाच आणि आठ हे स्वतः एन्झाइम नाहीत, मदतनीस आहेत, त्यामुळे अँटिथ्रॉम्बिन त्यांना हात लावत नाही. त्यांना सी कापतो. पण सी ला जागं करतं कोण? थ्रॉम्बिनच. फाटलेल्या जागेवर जे थ्रॉम्बिन गुठळी बनवतं, तेच वाहत शेजारच्या धडधाकट भिंतीवर गेलं की तिथे थ्रॉम्बोमॉड्युलिनला चिकटतं आणि त्याचा स्वभाव पालटतो. फायब्रिन बनवणं सोडून ते सी ला जागं करतं. म्हणून गुठळी जखमेपुरती राहते.
तिसरा टीएफपीआय. दहा जागा झाला की तो दहाला धरतो आणि त्याच्यासकट टिश्यू फॅक्टर-सात या जोडीलाच कुलूप घालतो. म्हणून पहिली ठिणगी लवकर विझते आणि पुढचं काम नऊ-आठवर पडतं. हिमोफिलियात सात धडधाकट असूनही रक्त का थांबत नाही, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

डीएमएलटी_संतोष
दुसऱ्यासाठी माझ्याकडे आहे! मी रोज डोंबिवलीहून जातो. सीएसएमटी. सी म्हणजे प्रोटीन सी, एस म्हणजे प्रोटीन एस, एमटी म्हणजे थ्रॉम्बोमॉड्युलिनचे एम आणि टी उलटे. टर्मिनस म्हटल्यावर गाडी तिथेच थांबते. फलाट पाचवर लोकल, आठवर मेल. पाच आणि आठ, दोन्ही गाड्या शेवटच्या.

लीड्समधली_स्नेहा
फॅक्टर फाइव्ह लायडेन मग यातच बसवा. पाचव्या फलाटावरची गाडी थांबतच नाही. पाचच्या ज्या जागी सी कापतो तिथलं अमिनो आम्ल बदललेलं असतं, त्यामुळे सी ला कापता येत नाही आणि पायात गुठळ्या होतात. १९९४ साली नेदरलँड्समधल्या लायडेन गावी सापडलं म्हणून ते नाव. इथे गोऱ्या पेशंटमध्ये सारखं दिसतं.

सातारकर_पॅथ
आपल्याकडे त्या मानाने कमी दिसतं. आणि सीएसएमटी घेतलंतच तर एक धोक्याची गोष्ट जोडा. सी आणि एस दोघेही बहात्तरच्या दुष्काळातले आहेत, त्यांनाही के लागतं. वॉर्फरिन सुरू केल्यावर सगळे एकदम सुकत नाहीत. ज्याचं आयुष्य कमी तो आधी. सात सहा-एक तासांत निम्मा होतो, सी आठ-एक तासांत, नऊ दिवसभरात, दहा दीड-पावणेदोन दिवसांत आणि दोन सर्वांत शेवटी, अडीच दिवसांच्या आसपास.
म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आयएनआर चढलेला दिसतो तो सात गेल्यामुळे. तेव्हा दोन अजून भरपूर असतो आणि ब्रेक लावणारा सी मात्र संपलेला. पेशंट त्या काळात जास्त गोठणारा असतो. सी मुळातच कमी असलेल्यांना तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास मांडीवर, स्तनांवर, नितंबांवर दुखरे जांभळे चट्टे येतात आणि कातडी मरते. म्हणून पायातल्या ताज्या गुठळीला नुसतं वॉर्फरिन सुरू करत नाहीत. हेपरिन सोबत निदान पाच दिवस, आणि आयएनआर दोनच्या वर एक दिवस टिकेपर्यंत. तिसऱ्या दिवशी २.३ आला म्हणून हेपरिन काढणारे अजून भेटतात.

मेघना_पहिलंवर्ष
सुकण्याचा क्रम मग सात, नऊ, दहा, दोन. म्हणजे चढते आकडे आणि दोन शेवटी. सी सातच्या मागोमाग. यासाठी ओळ सुचतेय का कुणाला?

जोशीसर_बायो
'सात गेला, सी गेला, दोन बसून राहिला.' यमक बरं नाही, पण काम होईल.

लीड्समधली_स्नेहा
यमकाचं राहू द्या सर, धोका नेमका तोच आहे.

बंडू_नगरी
तेरा राहिला की. की तेरा नसतोच?

डीएमएलटी_संतोष
असतो बंडूभाऊ, आणि त्याला युक्ती लागत नाही. तेरावा शेवटचा. फायब्रिनचे धागे एकमेकांना पक्के शिवायचं काम त्याचं. मजा अशी की तो नसला तरी पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल, कारण गुठळी बनली की घड्याळ थांबतं, ती पक्की आहे का हे मशीन बघत नाही. बाळाची नाळ पडल्यावर रक्त येत राहतं, रिपोर्ट सगळे ठीक, तेव्हा गुठळी पाच मोलर युरियात टाकून ठेवतात. तेरा असेल तर दुसऱ्या दिवशीही तशीच, नसेल तर विरघळून जाते. मात्र तेरा अगदीच नसेल तेव्हाच हे कळतं, थोडा कमी असेल तर ही टेस्ट पास करते.

मेघना_पहिलंवर्ष
टीएफपीआयला अजून काहीच मिळालं नाही. आणि सर, मॅडम म्हणतात सहावा फॅक्टर विचारलाच तर काय सांगशील?

सातारकर_पॅथ
सहावा नाही. ज्याला आधी सहा म्हटलं तो सक्रिय पाचच निघाला, आकडा रिकामा राहिला. टीएफपीआयसाठी माझ्याकडेही काही नाही. संतोष, डोंबिवली लाइनवर बघ काही सापडतंय का.

डीएमएलटी_संतोष
सात आणि दहा दोघांना एकत्र कुलूप… विचार करतो. ठाण्यापर्यंत सुचलं नाही.